मागील पगारातून बाहेरची कमाई किती कापता येते?

"कामगार न्यायालयाने सेवासातत्यासह कामावर घ्या आणि बाहेरची कमाई वजा करून मागील पगार द्या, असा निवाडा दिला. पगार १८,००० होता, चार वर्षं घरी होतो. त्यातली दोन वर्षं एका गोदामात १२,००० वर काम केलं. कंपनी २,८८,००० च देते म्हणते. बरोबर आहे का?"

नाही. कंपनीने १२,००० पूर्ण ४८ महिन्यांवर कापलेत. तुमची कमाई २४ महिन्यांची, म्हणजे २,८८,००० एवढीच. एकूण पगार होतो ८,६४,०००. वजा जाता हातात यायला हवेत ५,७६,०००. ज्या महिन्यात तुम्ही कमावलं नाही, त्या महिन्यातून काय कापणार? मधल्या काळात पगारवाढीचा करार झाला असेल तर सेवासातत्यामुळे तोही मागा.

माझी खरी वाट लावली ती वसुलीने. माझ्याही निवाड्यात आकडा नव्हता. वसुली दाखल्यासाठी औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३-सी(१) खाली अर्ज केला, तर त्या सरकारी कार्यालयाने तो महिनोन्‌महिने दाबून ठेवला आणि शेवटी सांगितलं, रक्कम ठरलेली नाही, न्यायालयात जा. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं! घरात पैशाची चणचण असताना फाइल कपाटात पडून होती, त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कमाईवरून वाद असेल तर थेट ३३-सी(२) खाली कामगार न्यायालयाकडून हिशेब करून घ्या. महिन्यावार तक्ता जोडा: देय पगार, बाहेरची कमाई, फरक.

कमाई लपवू नका. पीएफ पासबुकात गोदामाची नोंद असेल तर कंपनी ती शोधून काढेल आणि मग तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरही विश्वास राहणार नाही. रिकाम्या महिन्यांबद्दल मात्र प्रतिज्ञापत्रात ठामपणे लिहा. दीपाली गुंडू सुरवसे प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की नोकरी नव्हती किंवा कमी पगाराची होती, एवढं कामगाराने सांगावं. जुन्या पगाराइतकी कमाई होती हे सिद्ध करणं मालकाचं काम. सासऱ्यांच्या कोळशाच्या वखारीत हातभार लावून पोट भरणं ही कमाईची नोकरी नव्हे, असंही राजिंदर कुमार किंद्रा प्रकरणात (१९८४) ठरलं. त्यामुळे भावाच्या शेतात राबलात म्हणून कोणी कापू लागलं तर हे दाखवा.

मी वकील नाही. माझं प्रकरण जुन्या औद्योगिक विवाद कायद्याखालचं, तुमचं कशाखाली येतं ते वकिलाकडून तपासा. आणि एकरकमी थकबाकी आली की त्या वर्षी आयकर जास्त कापला जाईल. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८९ ची सवलत मागायला विवरणपत्राआधी फॉर्म 10E भरावा लागे, नव्या कायद्यातलं कलम आणि फॉर्म तपासून घ्या.