फुगलेल्या शिरा डाव्या पायात, दुखणं मात्र दोन्ही पायांत

"दुकानात दिवसभर काउंटरमागे उभं राहायचं काम. दुपारनंतर पाय भरून यायला लागतात, संध्याकाळपर्यंत नुसते तुकडे पडतात. डाव्या पोटरीवर निळ्या शिरा फुगून वर आल्यात. बरोबरची म्हणते, या व्हेरिकोज व्हेन्सच, लेझर करून टाक. दोन्ही पायांचं करावं लागेल का?"

शिरांच्या तज्ज्ञांकडे पेशंट आत जाण्याआधी त्यांच्याशी निवांत बोलायचं काम माझ्याकडे असतं. बावन्न वर्षांच्या या ताईंना मी एवढंच म्हटलं, की एकेका पायाचं वेगवेगळं सांगा आणि दुखतं तिथे हात ठेवून दाखवा. डाव्या पायावर त्यांचा हात गुडघ्याखाली आतल्या बाजूने घोट्यापर्यंत फिरला. उजव्या पायाला मात्र तो आधी कुल्ल्यावर गेला, मग मांडीच्या बाहेरून पोटरीपर्यंत उतरला. मोजे काढले तर डाव्या घोट्यावर मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ, उजव्यावर जेमतेम रेघ. उजव्या पायावर शिराही होत्या, पण कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, लालसर-जांभळ्या.

शिरा डोळ्यांना दिसतात, म्हणून पायाच्या प्रत्येक दुखण्याचं खापर त्यांच्यावर फुटतं. प्रत्यक्षात शिरा किती दिसतात यावरून दुखणं ठरत नाही. ठसठशीत शिरा असूनही काही न दुखणारे पेशंट आम्ही नेहमी पाहतो. म्हणून 'किती दुखतं' यापेक्षा 'कशाने थांबतं' हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताईंना मी आठवडाभर लिहून ठेवायला सांगितलं: एका जागी उभं असताना, चालताना, खुर्चीत बसल्यावर आणि पाय वर घेऊन आडवं झाल्यावर कोणत्या पायाला काय होतं. दुकानातल्या जुन्या बिलाच्या पाठीवर त्यांनी ते लिहून आणलं.

डावा पाय सकाळी हलका असायचा, दुपारी चारनंतर जड. पाय खाली सोडून स्टुलावर बसलं तरी फारसा फरक नाही. पण गिऱ्हाईक नसताना दुकानात फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं, आणि घरी पाय उशीवर ठेवून पडलं की अर्ध्या तासात मोकळं. उजव्या पायाचं अगदी उलटं होतं. चाललं की कळ वाढायची, मुंग्या यायच्या. नुसतं बसलं की दोन-चार मिनिटांत थांबायची, पाय वर घ्यायची गरजच नाही. शेवटी एक ओळ त्यांनी आपणहून लिहिली होती: "काउंटरवर कोपरं टेकून वाकले की उजव्याला बरं वाटतं." सगळ्या कागदात ती ओळ सोन्यासारखी होती.

डाव्या पायाचं गणित असं. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. स्थिर उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत चढतो. चालायला लागलं की पोटरी पिळली जाते आणि निरोगी पायात तो ३० च्या आसपास उतरतो. झडपा नीट मिटत नसतील तर रक्त मागे येतं आणि दाब हवा तेवढा उतरत नाही. तरी थोडा उतरतो, म्हणून फेऱ्या मारल्यावर आराम. बसल्यावर पाय खालीच लोंबतात, म्हणून बसून भागत नाही.

उजव्या पायाचं दुखणं वाकल्यावर थांबत होतं. पाठ ताठ असताना कंबरेच्या मणक्यातली, पायाकडे जाणाऱ्या नसांची म्हणजे मज्जातंतूंची जागा आवळते, वाकलं की थोडी मोकळी होते. पायातल्या शिरांना कंबर वाकल्याने काही आराम पडायचं कारण नाही.

तपासणीत डॉक्टरांनी आधी दोन्ही पावलांवरची नाडी पाहिली. चालल्यावर पोटरीत कळ येण्याचं आणखी एक कारण म्हणजे धमन्या अरुंद होणं, विशेषतः तंबाखू-सिगारेट किंवा मधुमेह असलेल्यांत. ती कळ चालता चालता येते आणि नुसतं उभं राहिलं तरी थांबते. पाऊल गार लागतं, नाडी मंद असते. अशा पायाला घट्ट मोजे चढवले तर आधीच कमी असलेला रक्तपुरवठा आणखी घटतो. ताईंची नाडी दोन्हीकडे छान लागली.

मग डॉप्लर सोनोग्राफी. शिरांसाठी ती उभं करून करतात. तुमची झोपवूनच उरकली असेल तर विचारायला हरकत नाही. पोटरी दाबून सोडली की रक्त क्षणभर मागे येतं आणि झडप मिटते. वरवरच्या शिरेत हे मागे येणं अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकलं तर झडप निकामी धरतात. ताईंच्या डाव्या पायात, मांडीच्या आतून जाणाऱ्या मोठ्या शिरेत, ते बराच वेळ टिकत होतं. उजव्या पायाच्या शिरा चांगल्या होत्या, वरचं जाळं निव्वळ दिसण्यापुरतं. उजव्या पायासाठी त्यांना मणक्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे कंबरेत नसेवर दाब निघाला आणि व्यायाम सुरू झाले. त्या पायाला लेझर केलं असतं तर कळ जशीच्या तशी राहिली असती.

डाव्या पायाला लेझर हा योग्य पर्याय होता, पण तातडी नव्हती. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी किंवा कडक झाली असती, तिथे खाजरा इसब किंवा न भरणारी जखम असती, तर डॉक्टरांनी थांबू दिलं नसतं. फुगलेली शीर अचानक लाल, कडक दोरीसारखी होऊन दुखली तरी लगेच दाखवायचं. एकच पाय एकाएकी सुजला, पोटरी गरम होऊन दुखायला लागली तर आतल्या शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. शीर फुटून रक्त आलं तर आडवं होऊन पाय वर करायचा आणि जागा दाबून धरायची.

ताईंनी जाता जाता विचारलं, बहिणीच्या दोन्ही पायांना सारखीच सूज येते, तिलाही हेच असेल का? दोन्हीकडे सारखी सूज, बोट दाबलं की खड्डा पडणारी, असेल तर आधी हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासायचं आणि चालू गोळ्यांची यादी बघायची. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

लेझरची तारीख दुकानाचा सीझन संपल्यावरची ठरली. तोवर डाव्या पायाला गुडघ्यापर्यंतचा दाबाचा मोजा. त्याने झडप दुरुस्त होत नाही, जडपणा आणि सूज कमी राहते. घोट्याचं आणि पोटरीचं माप सकाळी, सूज नसताना घेतलं. मोजा चढवायचा तोही सकाळी उठल्या उठल्या. दुपारी पाय सुजल्यावर तो चढत नाही आणि मग माणसं तो कपाटात टाकून देतात. वरची कड दुमडायची नाही, कारण दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होऊन पाय आवळला जातो. रात्री झोपताना काढून ठेवायचा.