पगाराच्या नोंदी कुणी पाहायच्या आणि कुणी बदलायच्या?

प्रश्न: आमचा नाशिकला सुट्या भागांचा कारखाना आहे, सगळे मिळून 140 जण. एचआर मी एकटी बघते. पगार, रजा, वार्षिक मूल्यमापन सगळं ERPNext या सॉफ्टवेअरमध्ये आहे. रजा मंजूर करता याव्यात म्हणून एका सुपरवायझरला आम्ही HR User ही भूमिका दिली होती. त्याने सगळ्यांच्या पगाराचा तक्ता उतरवून घेतला आणि तो व्हॉट्सॲपवर फिरला. आता मालक म्हणतात, त्याच्यावर पोलीस केस करा, आणि यापुढे पगार नि मूल्यमापन तुम्ही, मी आणि अकाउंटंट सोडून कुणालाच दिसायला नको, ज्याचं त्यालासुद्धा नको. असं करता येईल का?

उत्तर: मालकांचं अर्धं म्हणणं रास्त आहे आणि अर्धं कायद्यात बसत नाही. पण त्याआधी एक काम आजच करा. सेटिंगमध्ये दुसरा काहीही बदल करण्यापूर्वी त्या सुपरवायझरचं खातं बंद करा. ते पुसू मात्र नका. User च्या पानावरची `Enabled` ची खूण काढली की पुरे. मग भूमिका आणि परवानग्या आज जशा आहेत त्याची छायाचित्रं घ्या, संपूर्ण बॅकअप काढा आणि `Access Log` उघडा. माहिती उतरवल्याच्या आणि छापल्याच्या नोंदी तिथे पडतात. कुठल्या वापरकर्त्याने, कुठल्या तारखेला, किती वाजता काय उतरवलं ते शोधा. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं घाईघाईत आधी सगळी कुलपं लावतात, आणि चौकशीच्या दिवशी त्या वेळी परवानगी नेमकी काय होती हे कुणालाच दाखवता येत नाही.

या नोंदी पुरावा म्हणून टिकायच्या असतील तर नुसत्या प्रिंटवर भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, लिहायचा असतो. जुन्या कायद्यात असं प्रमाणपत्र अनिवार्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली जालन्याच्या निवडणूक खटल्यात, अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, स्पष्ट केलं होतं. नव्या कायद्याने ती अट आणखी काटेकोर केली. तेव्हा बॅकअप काढला त्याच दिवशी हॅश काढून ठेवा.

आता पोलीस केसबद्दल. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये, प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय माहिती उतरवणं येतं. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केलं तर कलम 66 खाली गुन्हा होतो. सगळा जोर ‘परवानगीशिवाय’ या शब्दावर आहे. सुपरवायझरचा वकील पहिलाच प्रश्न विचारील, की हे दार त्याला उघडून कुणी दिलं? HR User ही भूमिका एचआर विभागातल्या माणसासाठी आहे, पगारपत्रकं तिच्या कक्षेतच येतात. रजा मंजूर करायला त्याच सॉफ्टवेअरमध्ये `Leave Approver` ही वेगळी भूमिका आहे, ती दिली असती तर हे घडलं नसतं. सॉफ्टवेअरने दार उघडलं म्हणून मालकाने परवानगी दिली असं होत नाही, हा युक्तिवाद तुम्हाला करता येईल. पण ही भूमिका फक्त रजेपुरती आहे असं सांगणारा एखादा ईमेल किंवा आदेश हाती असेल तरच त्यात बळ आहे.

त्याचं नेमणूकपत्र काढून बघा. गोपनीयतेचं कलम असेल तर त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 72अ सुद्धा लागू शकतं. करारामुळे हाती आलेली वैयक्तिक माहिती, कुणाचं नुकसान होईल हे ठाऊक असताना उघड करणं त्यात येतं, आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मात्र तक्ता उतरवणारा आणि गटावर टाकणारा माणूस एकच होता का, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. ते हाती आल्याशिवाय फिर्याद देऊ नका. माझा सल्ला असा, की आधी कारणे दाखवा नोटीस द्या, त्याचं म्हणणं लेखी घ्या आणि रीतसर अंतर्गत चौकशी करा. एक कळवणं मात्र लांबवू नका. सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार माहिती बाहेर गेल्याची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते. ती वेळ टळली असेल तरी कळवा, आणि उशिराचं खरं कारण लिहा.

मालकांच्या दुसऱ्या मागणीकडे येते. ज्याचा पगार त्यालाच दिसू नये, हे चालणार नाही. वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्या कलम 50 प्रमाणे वेतनाची नोंदवही ठेवणं आणि वेतनचिठ्ठी देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. इतकंच नव्हे, तर कुठल्या प्रवर्गाला काय वेतनदर आहे ते सूचनाफलकावर लावायचं असतं. म्हणजे वेतनदर हे गुपित नाही, अमुक माणसाच्या हाती अमुक रक्कम पडते ही माहिती जपायची आहे. शिवाय पगार कमी दिल्याचा दावा आला तर तो पूर्ण दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. दर महिन्याला कामगाराने स्वतःची चिठ्ठी पाहिली असेल, तर ती नोंद तुमच्याच उपयोगाची आहे.

मूल्यमापनाचं थोडं वेगळं आहे. सरकारी नोकराला त्याच्या गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली देव दत्त प्रकरणात सांगितलं. खाजगी कारखान्याला तो निकाल थेट बांधत नाही. तरी अंतिम शेरा आणि त्याची कारणं ज्याची त्याला दाखवा, असंच मी सांगेन. न दाखवलेल्या प्रतिकूल शेऱ्यावर उद्या एखाद्याची वाढ रोखली, तर त्याला बाजू मांडायची संधीच मिळाली नाही हे पहिलं वाक्य समोरून येईल. सहकाऱ्यांनी दिलेले अभिप्राय आणि वरिष्ठांची आपसातली टिपणं मात्र त्याच्यासमोर ठेवण्याची गरज नाही.

आता ‘फक्त पाहण्यापुरतं’ म्हणजे काय ते बघू, कारण घोटाळा इथेच होतो. `Role Permissions Manager` मध्ये प्रत्येक भूमिकेपुढे `Read`, `Write`, `Submit`, `Report`, `Export`, `Print`, `Email`, `Share` अशा वेगवेगळ्या खुणा असतात. `Write` काढलं म्हणजे माणूस नोंद बदलू शकत नाही, पण `Export` राहिलं तर सगळा तक्ता घेऊन जाऊ शकतो. तुमच्या सुपरवायझरने काहीच बदललं नव्हतं. त्यामुळे बघ्यांच्या भूमिकेतून `Report`, `Export`, `Email` आणि `Share` काढा. इतकं करूनही पडद्याचा फोटो काढता येतोच, म्हणून खरा उपाय एका माणसाला दिसणाऱ्या नोंदींची संख्या कमी करणं हाच आहे.

तुमच्या 140 जणांसाठी मी अशी मांडणी सुचवते. पगारपत्रक अकाउंटंटने तयार करावं, पण पक्कं करण्याचा, म्हणजे `Submit` चा अधिकार फक्त तुम्हाला असावा. तयार करणारा आणि मंजूर करणारा एकच नको. मालकांना सगळं दिसावं, बदलता मात्र काहीच येऊ नये. हे ऐकून ते रागावतील. त्यांना सांगा, की उद्या वाद झाला तर ‘मालकाने मागाहून आकडा बदलला’ असं म्हणायला जागा राहणार नाही. विभागप्रमुखाला फक्त त्याच्या हाताखालच्या माणसांचं मूल्यमापन, तेही `User Permissions` ने बांधून, आणि पगार अजिबात नको. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःची चिठ्ठी पाहता आणि छापता यावी. लेखापरीक्षकाला ठरावीक तारखेपर्यंत चालणारं खातं द्या. निरीक्षक आले तर त्यांना लॉगिन द्यायचं नसतं, मागितलेली नोंदवही काढून द्यायची असते.

पक्कं झालेलं मूल्यमापन दुरुस्त करायची वेळ आली तर ते रद्द करून सुधारित प्रत काढा. सॉफ्टवेअर तिच्या क्रमांकापुढे `-1` लावतं आणि जुनी प्रतही जपतं. वादात हा माग फार मोलाचा ठरतो.

सगळं झाल्यावर एक चाचणी खातं उघडून त्याला विभागप्रमुखाची भूमिका द्या आणि स्वतः आत शिरून बघा. `Salary Register` या अहवालाच्या भूमिका वेगळ्या नेमलेल्या असतात, तिथे जुनी भूमिका तशीच राहिली नाही ना ते तपासा. आणि वाढपत्रांच्या फाइली विसरू नका. सार्वजनिक म्हणून चढवलेली फाइल `/files/` खाली जाते आणि दुवा हाती असलेल्या कुणालाही लॉगिनशिवाय उघडते. खाजगी फाइल `/private/files/` खाली असते. नोंद कुलूपबंद आणि तिला जोडलेलं पत्र उघड्यावर, ही चूक मी एकाहून अधिक कारखान्यांत पाहिली आहे.

मग ही मांडणी एका पानाच्या कार्यालयीन आदेशात उतरवा: कुठली भूमिका, कशासाठी, कुणाला आणि कुणाच्या सहीने. बदली झाली, राजीनामा आला की त्याच दिवशी भूमिका काढायची, हेही त्यात लिहा. भूमिका मिळालेल्या प्रत्येकाची पोच घ्या. आज पोलीस केससाठी तुमच्याकडे नेमका हाच कागद कमी पडतो आहे.

आर्थिक जबाबदारीचं म्हणाल, तर बाहेर गेलेल्या तक्त्यात बँक खाते क्रमांक होते का ते बघा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या नियमांत संवेदनशील माहितीच्या व्याख्येत बँक खात्याचा तपशील स्पष्टपणे आहे, नुसत्या पगाराच्या आकड्याचा तसा उल्लेख नाही. खाते क्रमांक गेले असतील आणि कुणाचं नुकसान झालं असेल, तर त्याच कायद्याच्या कलम 43अ खाली भरपाईचा दावा कंपनीवर येऊ शकतो. पुढची तयारीही आताच करा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि सुरक्षेच्या मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये, लागू होतात. पगाराची नोंद त्या कायद्यात सरळ बसते. कुणाला काय दिसतं यावर नियंत्रण आणि कुणी काय पाहिलं याच्या एक वर्षाच्या नोंदी त्यात मागितल्या आहेत. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. तुमच्या `Log Settings` मध्ये जुन्या नोंदी काही दिवसांनी आपोआप पुसल्या जात असतील, तर ती मुदत वाढवा. सर्ट-इनच्या निर्देशांनुसार आजही 180 दिवसांच्या नोंदी ठेवायच्याच असतात.

आणखी एक विचारते. `Administrator` चा पासवर्ड कुणाकडे आहे? त्या खात्याला यातली कुठलीच बंधनं लागू होत नाहीत. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या माणसाकडे तो असेल, तर आधी पासवर्ड बदला, बंद पाकिटात मालकांकडे ठेवा आणि त्या माणसाशी गोपनीयतेचा लेखी करार करा. पाकीट उघडलं की तारीख आणि कारण वहीत लिहायचं.