कापड भिजवून शिवा: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

ताई, गांधीनगरातून अडीच मीटर कॉटन आणून कुर्ता शिवून घेतला. पहिल्याच धुण्यात लांबीला दोन इंच गेला, अंगात मात्र बरोबर बसतोय. असं कसं?

अहो, तुमच्या टेलरने काही कमी कापलेलं नाही, लूमवर ताणून धरलेलं कापड पाण्यात पडल्यावर सैल झालं एवढंच. इचलकरंजीत कुठल्याही लूमसमोर उभं राहून बघा, बीमवरून येणारा उभा धागा, म्हणजे ताणा, कांजी लावून तंग ओढलेला असतो आणि आडवा बाणा त्या मानाने बराच निवांत असतो. पुढं रंगवताना, धुताना पण कापड लांबीतच ओढत नेतात आणि तसंच ताणलेलं वाळवून ठाणाला गुंडाळतात. दुकानात आपण जे मीटर मोजून घेतो ना, त्यात हा ताण पण मोजून घेतो.

आता पाण्यात काय होतं, तर कापसाचा तंतू पाणी पिऊन जाड होतो, लांबीला मात्र जवळजवळ वाढत नाही. उभा धागा आडव्या धाग्यांच्या वरून खालून नागमोडी जातो, आणि आडवे जाड झाले की त्याला प्रत्येकाला मोठा वळसा पडतो, ती जास्तीची लांबी तो कापडातूनच ओढून घेतो. पावसात भिजलेला कासरा बघितलाय का, जाड होतो, आखूड होतो आणि गाठ सुटता सुटत नाही, तसंच. वाळल्यावर धागा परत बारीक होतो पण ओढायला आता लूम नसतो, म्हणून कापड आटलेलंच राहतं.

पाणी मारून इस्त्री केली की झालं ना? की बादलीत बुडवायलाच पाहिजे?

बुडवायलाच पाहिजे. कांजीच्या कापडात पाणी पटकन शिरत नाही, नुसतं शिंपडलं तर वरवर ओलं होतं आणि आत ताण तसाच. थोडी साबण पावडर टाकून तासभर ठेवा, मग खळबळून काढा. कुर्ता पुढं मशीनला गरम पाण्यात धुणार असाल तर कापडपण तसंच धुवा, कारण गरम पाणी आणि घुसळणं यात कापड जास्त आटतं, गार पाण्यात भिजवून निर्धास्त राहिलात तर उरलेलं नंतर आटणार. बुडवायच्या आधी कापलेल्या कडांना मोठा टाका मारून घ्या, नाहीतर धागे सुटून गुंता होतो. पिळू नका. दोरीवर टोकाला चिमटे लावून लोंबकळत ठेवू नका, ओल्या कापडाच्या वजनानेच ते परत ताणतं, मधून दुमडून टाका. थोडं दमट असताना इस्त्री करा पण दाबून, ओढत ओढत नको, नाहीतर गेलेली लांबी खोटी खोटी परत येते आणि पुढच्या धुण्यात पुन्हा जाते. (आणि हो, पाण्यात मीठ टाकायचं का विचारणारे रोज भेटतात. मिठाचा आटण्याशी काही संबंध नाही.)

पण कापड किती आटणार हे आधी कळतं का? मी मोजकंच घेते.

कळतं की. किनारीला समांतर ५० सेंमी मोजून दोन्ही टोकांना रंगीत धाग्याचा टाका घाला, तसंच आडवं ५० सेंमी. पेन, खडू नको, धुऊन जातो. भिजवून, वाळवून, इस्त्री करून परत मोजा. समजा उभं साडेसत्तेचाळीस आणि आडवं एकोणपन्नास भरलं, म्हणजे लांबीत ५ टक्के आणि रुंदीत २ टक्के गेलं. ४४ इंची कुर्त्याला हे ५ टक्के म्हणजे सव्वादोन इंच होतात, पहिल्या प्रश्नातले दोन इंच असेच गेलेत. अडीच मीटरमधून साडेबारा सेंमी जातं, म्हणून साध्या कॉटनला १५ सेंमी जास्तच मागून घ्या.

सिल्कचा ब्लाऊज आहे, अस्तर कॉटनचं. दोनदा धुतला आणि शिवणीजवळ सगळ्या चुण्या पडल्या. इस्त्रीने जातील?

नाही जाणार. अस्तर आटलंय, सिल्क तेवढं आटलं नाही, एकाच शिवणीत दोन मापं अडकलीत. गळा आणि काखेची शिवण उसवून अस्तर नव्याने घालणं एवढंच राहतं. मी पण सुरुवातीला घाईत लग्नाच्या ब्लाऊजला कोरं अस्तर लावलं होतं आणि पुढच्या महिन्यात फुकटात उसवत बसले होते. सिल्क घरी भिजवू नका, अस्तर मात्र कायम भिजवूनच, आणि साडीचा कॉटन फॉलपण, नाहीतर निऱ्यांच्या खाली साडी गोळा झालेली दिसते.

दुकानदार म्हणतो सॅनफोराईज्ड आहे, आटणारच नाही. खरं का?

खरं असू शकतं. त्यात मिलमध्येच कापड ओलसर करून जाड रबरी पट्ट्यावर लांबीत दाबून आधीच आटवतात, मग घरी साधारण एखादा टक्का आटतं, ४४ इंचात अर्धा इंचपण नाही. पण शिक्का किनारीवर आहे का बघा, तोंडी सॅनफोराईज्ड मी बरंच ऐकलंय. शिक्का नसेल तर वर सांगितलेले मापाचे टाके घाला आणि बादलीत टाका.