एकच निबंध, पंधरा आणि नऊ

*आमच्याकडे एकच निबंध दोन शिक्षकांनी तपासला. एकाने २० पैकी १५ दिले, दुसऱ्याने ९. दोघेही अनुभवी. असं का होतं? आणि ही तफावत कमी करता येते का?*

सहा गुणांच्या या फरकात बहुधा दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे हात. कुणाचा हात सढळ असतो, कुणाचा आखडता. समोर कुठलाही निबंध येवो, एकाचे गुण दुसऱ्यापेक्षा दोन-अडीचने वरच राहतात. दुसरी गोष्ट म्हणजे चांगला निबंध कशाला म्हणायचं, याची प्रत्येकाच्या मनातली कल्पना. फरक नुसत्या हाताचा असेल तर वजाबाकीने भागतं. कल्पनाच वेगळ्या असतील तर वजाबाकीचा काही उपयोग नाही, तिथे बसून बोलावं लागतं. पण एका निबंधाचे दोन आकडे पाहून यातलं कोणतं किती आहे हे सांगता येत नाही. त्यासाठी तेच निदान पंचवीस निबंध दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेले हवेत.

माझंच उदाहरण देतो. एका परीक्षेत मी आणि माझ्या सहपरीक्षक बाई, आम्ही दोघांनी एकाच गठ्ठ्यातले पंचवीस निबंध एकमेकांचे गुण न बघता तपासले. त्यातले सहा इथे मांडतो, प्रत्येक २० पैकी:

मी: १४, ११, १६, ९, १३, १२
बाई: ११, ८, १२, ७, १४, ८

या सहांत माझी सरासरी १२.५ आणि बाईंची १०. म्हणजे माझा हात त्यांच्यापेक्षा अडीच गुणांनी सैल. आता प्रत्येक निबंधाच्या फरकातून हे अडीच काढून टाका. पाच निबंधांत उरतो तो फरक दीड किंवा त्याहून कमी, म्हणजे भांडण्यासारखं काही नाही. पाचव्या निबंधात मात्र उलटंच झालं आहे. एरवी माझ्यापेक्षा कमी देणाऱ्या बाईंनी इथे एक गुण जास्त दिला आहे. हाताचा फरक धरला तर आमच्यात इथे साडेतीन गुणांचं अंतर आहे. वरवर पाहिलं तर १३ आणि १४ हे आकडे सगळ्यांत जवळचे! पण १४ हा बाईंचा या सहांतला सर्वोच्च गुण होता आणि माझ्या यादीत तो निबंध तिसरा. खरा मतभेद तिथेच दडलेला होता.

स्प्रेडशीटमध्ये माझे गुण B2 ते B7 मध्ये आणि बाईंचे C2 ते C7 मध्ये भरले की हे दोन मिनिटांत दिसतं:

```
=AVERAGE(B2:B7)-AVERAGE(C2:C7)
=CORREL(B2:B7,C2:C7)
```

पहिल्या सूत्राने हाताचा फरक कळतो, दुसऱ्याने गुणांचा चढउतार किती जुळतो ते. आमच्या सहा निबंधांत दुसरा आकडा ०.७५ आला. पाचवा निबंध वगळला की तो ०.९६ होतो. नुसतं `CORREL` बघून मात्र खूश होऊ नका. एक परीक्षक सगळ्यांना सरसकट पाच गुण कमी देत असला तरी हा आकडा १ येऊ शकतो, कारण त्याला फक्त चढउतार दिसतो. दोन्ही आकडे एकत्र बघायचे. आणि सहा निबंध फक्त समजावून सांगण्यापुरते. निर्णय घ्यायचा तर पंचवीसच्या खाली जाऊ नये.

आता तो पाचवा निबंध. विषय होता एकटेपणा. मुलाने प्रस्तावना दिलीच नव्हती. बंद पडलेल्या घड्याळाच्या वर्णनाने सुरुवात केली होती आणि तिसऱ्या परिच्छेदात जाऊन कळत होतं की घड्याळ आजोबांचं आहे. शुद्धलेखन ढिसाळ, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. आम्ही दोघं तो समोर ठेवून बसलो तेव्हा दोघांचीही चूक सापडली. माझी अशी की त्याच शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण मी दोनदा कापले होते, एकदा ‘भाषा’ या रकान्यात आणि एकदा ‘मांडणी’त. मांडणी विस्कळीत वाटण्याचं खरं कारण ते लाल रंगाने भरलेलं पान होतं. बाईंची चूक वेगळी. पहिला परिच्छेद त्यांना इतका आवडला की शेवटचे दोन परिच्छेद एकच गोष्ट पुन्हा सांगतात हे त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. एका गोष्टीची छाया बाकी सगळ्यावर पडण्याचा हा प्रकार तपासणीत रोज घडतो. स्वच्छ अक्षर, दमदार सुरुवात, आधीपासून माहीत असलेलं हुशार मुलाचं नाव, काहीही त्याला पुरतं.

पण सगळंच चुकीत मोजता येत नाही. बाईंना नवा विचार महत्त्वाचा वाटतो, मला रचना. हा मतभेद खराच आहे आणि जुना आहे. १९६१ साली अमेरिकेत पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध निरनिराळ्या पेशांतल्या ५३ वाचकांना दिले. निकष काहीच सांगितले नाहीत, फक्त नऊ ढीग करायला सांगितले. १०१ निबंध असे निघाले की ते नऊच्या नऊ ढिगांत पडले होते, आणि पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या ढिगांत पडलेला एकही निबंध नव्हता. त्याहून महत्त्वाचं हे की वाचकांचे गट पडत होते. कुणी आधी विचार बघत होतं, कुणी रचना, कुणी शुद्धलेखन, कुणी शब्दकळा, कुणी लिहिणाऱ्याचा बाज. म्हणजे वाचक मनमानी करत नव्हते. ज्याची त्याची फूटपट्टी वेगळी होती.

मग फूटपट्टी एक कशी करायची? पहिलं उत्तर सगळे देतात ते निकषांच्या तक्त्याचं. तक्ता हवाच, पण बहुतेक तक्ते विशेषणांनी भरलेले असतात. ‘मुद्दे सुसंगत’, ‘भाषा प्रभावी’, ‘मांडणी समाधानकारक’. माझं ‘समाधानकारक’ आणि बाईंचं ‘समाधानकारक’ यांत अडीच गुणांचं अंतर आहे हे वर दिसलंच. तक्त्यात कागदावर दिसेल असं काहीतरी लिहावं. आम्ही ‘सुसंगत’ खोडून लिहिलं: ‘कुठलाही एक परिच्छेद काढला तर वाचणाऱ्याला काहीतरी निसटल्यासारखं वाटतं.’ घड्याळाच्या निबंधातला शेवटून दुसरा परिच्छेद काढून पाहिला, काहीच निसटलं नाही, वाद तिथेच मिटला. आणि शुद्धलेखनाचे गुण फक्त ‘भाषा’ या एकाच रकान्यात कापायचे, हेही तक्त्यातच लिहून टाकलं.

तक्त्यापेक्षा जास्त काम करतात ते नमुना निबंध. तपासणी सुरू होण्याआधी गठ्ठ्यातले चार-पाच निबंध निवडायचे, सगळ्यांनी मिळून त्यांचे गुण ठरवायचे आणि तपासताना ते बाजूला ठेवायचे. निवडताना नेहमी होणारी चूक म्हणजे एक अप्रतिम, एक भिकार आणि एक मधला घेणं. अप्रतिम आणि भिकार निबंधांवर कुणाचं दुमत नसतंच. घ्यायचे ते सीमेवरचे: सुंदर भाषेत काहीच न सांगणारा, मोडक्या भाषेत काहीतरी सांगणारा, आणि पाठ करून आणलेला गुळगुळीत. आमच्या यादीतला तिसरा निबंध, मी १६ आणि बाईंनी १२ दिलेला, तो असा पाठांतराचा होता. तसा एखादा नमुन्यात असता तर त्या फरकातला एखादा गुण तरी आधीच गेला असता.

नमुन्यांची बैठक कशी होते यावरही बरंच ठरतं. आधी प्रत्येकाने आपले गुण कागदावर लिहायचे, मग सगळ्यांनी एकदम उघडायचे. तोंडी विचारलं आणि ज्येष्ठांनी पहिल्यांदा ‘बारा’ म्हटलं, की बाकीचे अकरा, बारा, साडेबारा म्हणतात. बैठक छान होते आणि प्रत्यक्ष तपासणीत जो तो आपल्या मूळ सवयीवर जातो. याच कारणासाठी दुसऱ्या परीक्षकाला पहिल्याचे गुण किंवा समासातले शेरे दिसता कामा नयेत. ते दिसत असतील तर जुळलेल्या आकड्यांना अर्थ नाही, ती दुहेरी तपासणी नसून सही आहे.

असा खोटा मेळ आणखी एका प्रकारे होतो. आपल्यावर नजर आहे हे कळलं की परीक्षक सगळ्यांना ११ ते १३ च्या दरम्यान ठेवू लागतात. तफावत नाहीशी होते, पण चांगल्या आणि वाईट निबंधांतला फरकही नाहीसा होतो. म्हणून सरासरीसोबत गुणांचा पसरही बघा. गेल्या वेळी ६ ते १७ देणारा परीक्षक यंदा तशाच गठ्ठ्यावर १० ते १४ देत असेल, तर तो सुधारला नाही, सावध झाला आहे.

क्रमाचा परिणामही लहान नसतो. लागोपाठ दोन उत्तम निबंधांनंतर आलेला साधा निबंध बिचारा गरीब दिसतो. दुसऱ्या परीक्षकाकडे गठ्ठा पिसून द्यावा, म्हणजे निदान दोघांना एकच भ्रम होत नाही. मी स्वतः दर वीस निबंधांनंतर एक नमुना पुन्हा वाचतो. चहानंतर माझे गुण वाढतात हे मला त्यातूनच कळलं.

सढळ-आखडत्या हाताची दुरुस्ती गुण वाढवून किंवा कमी करून करता येते, पण दोघांनी तेच निबंध तपासले असतील तरच. गठ्ठे वेगळे असतील तर बाईंची सरासरी १० असण्याचं कारण त्यांच्या गठ्ठ्यातली मुलं खरोखरच कच्ची असणं हेही असू शकतं. तिथे अडीच गुण वाढवणं म्हणजे दुसऱ्या गठ्ठ्यावर अन्याय.

तुमच्या १५ आणि ९ चं काय करायचं? सरासरी काढून १२ देऊ नका. १२ हे दोघांपैकी कुणाचंही मत नाही. दोन गुणांपर्यंतचा फरक असेल तर सरासरी ठीक. दोन स्वतंत्र नजरांची सरासरी एका नजरेपेक्षा भरवशाची असतेच. पण सहाचा फरक असेल तर निबंध तिसऱ्याकडे जायला हवा, आधीचे दोन्ही आकडे न सांगता. त्यानंतर तिघांनी मिळून एवढंच बघायचं की कुठल्या रकान्यात गुण तुटले. बऱ्याचदा सहापैकी चार एकाच रकान्यात सापडतात, आणि मग तक्त्यातलं कुठलं वाक्य दुरुस्त करायचं तेही कळतं.

एवढं सगळं करूनही २० पैकी एक-दीड गुणाचा फरक राहतो, तो मी स्वीकारतो. फक्त तो श्रेणीच्या सीमेवर पडला की एका गुणाची आख्खी श्रेणी होते. म्हणून गुण पक्के झाल्यावर सीमेच्या एक गुण वर आणि एक गुण खाली असलेले निबंध वेगळे काढून आम्ही पुन्हा वाचतो, आणि बाकीच्या गठ्ठ्याला हात लावत नाही.