पॅन मागितला की घरमालक बिथरतात, कारण बरेचदा पॅन दुसऱ्याचाच लागणार असतो

प्रश्न: घरमालक भाडं वेळच्या वेळी घेतात, पण एचआरएसाठी, म्हणजे घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी, पावत्या आणि पॅन मागितला की विषय टाळतात. ऑफिसवाले म्हणतात, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे तेही द्या. संबंध न बिघडवता कसं मागू?

उत्तर:

आधी फ्लॅट नक्की कोणाच्या नावावर आहे ते स्वतः शोधा, मग पॅन मागा. मी उलटं केलं आणि दोन महिने जिन्यात मालकांची नजर चुकवत फिरलो.

एप्रिल २०२२ मध्ये मी पुण्यात वन बीएचके घेतला. भाडं १८,००० रुपये, एजंटने अकरा महिन्यांचा करार करून दिला. मालक म्हणजे वरच्याच मजल्यावर राहणारे काका, बँकेतून निवृत्त झालेले. भाडं दर महिन्याला त्यांच्या खात्यात जायचं. माणूस चांगला, नळ गळला तर स्वतः पाना घेऊन यायचे. जानेवारीत ऑफिसातून मेल आला की भाड्याच्या पावत्या, करार आणि मालकांचा पॅन द्या. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की पॅन लागतोच. मी सरळ वर गेलो आणि मागितला.

काकांचा चेहरा बदलला. "हे आधी बोलला असतास तर भाडं वेगळं सांगितलं असतं."

हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल, म्हणून मुद्दाम लिहितोय. मी खाली आलो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात रडगाणं गायलं. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "महिन्याला ८,३३३ लिही. वर्षाचं लाखाच्या आत बसतं, पॅन कोणी विचारत नाही." अर्धं ऑफिस हेच करतं. पण माझ्या रजिस्टर्ड करारावर १८,००० छापलेले आणि बँकेतून तेवढेच गेलेले. मग ८,३३३ ची पावती कशाची? शिवाय नुकसान माझंच. माझा बेसिक महिन्याला ४०,००० होता, एचआरए १६,०००. हिशोबात तीन आकडे मांडायचे आणि सगळ्यात लहान उचलायचा. मिळालेला एचआरए १,९२,०००. पुण्यात तेव्हा पगाराचे ४० टक्के धरायचे, तेही १,९२,०००. आणि वर्षाच्या भाड्यातून पगाराचे दहा टक्के वजा करून उरतात ते, म्हणजे २,१६,००० वजा ४८,०००, बरोबर १,६८,०००. ही सूट. मी २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये होतो, सेस धरून ३४,९४४ रुपये वाचत होते. ८,३३३ ची शक्कल लढवली असती तर सूट बावन्न हजारांवर आली असती आणि वाचले असते जेमतेम पावणेअकरा हजार. चोवीस हजार सोडायचे आणि वर खोट्या पावतीवर सही घ्यायची, हा कुठला शहाणपणा?

आता मुख्य गोष्ट. त्याच आठवड्यात लाइट बिल आलं. दहा महिने मी ते भरत होतो, पण फक्त ग्राहक क्रमांक बघून. त्या दिवशी नाव वाचलं. आडनाव काकांचं नव्हतं आणि नाव एका अनोळखी गृहस्थाचं होतं. मग मेंटेनन्सच्या पावत्या बघितल्या, त्या काकूंच्या नावाने. म्हणजे ज्यांच्याशी माझा करार होता ते मालक नव्हतेच.

मी परत वर गेलो, या वेळी पॅनचं नाव काढलं नाही. म्हटलं, "काका, लाइट बिलावर कोणाचं नाव आहे? नावात बदल करायचा राहिलाय का?" काकांनी उत्तर दिलंच नाही. काकू आतून पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. त्यात मिळकतकराच्या पावत्या, जुना खरेदीदस्त आणि तळाला सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, चार घड्या घातलेलं. पुढच्या बाजूला त्यांच्या वडिलांचं नाव. मागच्या बाजूला हस्तांतराच्या रकान्यात काकूंचं नाव, सेक्रेटरीची सही आणि शिक्का. वडिलांचा फ्लॅट, त्यांच्यानंतर लेकीला मिळालेला. लाइट बिल कोणी बदललंच नव्हतं.

लोक शेअर सर्टिफिकेटची पुढची बाजू झेरॉक्स करून देतात आणि मग "नाव जुळत नाही" म्हणून कागद परत येतात. मागची बाजू घ्या, खरं नाव तिथे असतं. मिळकतकराचं बिल किंवा खरेदीदस्ताचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, असला तर उत्तमच. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर इंडेक्स टू शोधताही येतो. लाइट बिलावर मात्र विसंबू नका, ते घरातल्या कोणाच्याही नावावर असतं.

काकांना एवढी भीती कशाची होती ते त्या दिवशी उलगडलं. त्यांना पेन्शन होती आणि तेही २० टक्क्यांतच बसत होते. ऑफिसला त्यांचा पॅन दिला असता तर तो टीडीएसच्या रिटर्नमधून थेट आयकर खात्याकडे गेला असता. भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, म्हणजे २,१६,००० मधले १,५१,२०० करपात्र. त्यावर त्यांना साधारण साडेएकतीस हजारांचा भुर्दंड. माणूस बिथरणारच.

पण फ्लॅट काकूंचा, म्हणजे भाडंही कायद्याने काकूंचं उत्पन्न. काकू साठीच्या पुढच्या, पेन्शन नाही, मुदत ठेवींचं व्याज वर्षाला एक लाख दहा हजारांच्या आसपास. त्यात १,५१,२०० मिळवले तर २,६१,२००. ज्येष्ठांना तेव्हा तीन लाखांपर्यंत कर नव्हता. म्हणजे कर शून्य. मी हे त्यांच्याच डायरीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. काकांनी दोनदा बेरीज केली, बँकेतला माणूस. मग म्हणाले, "हिचा पॅन घे."

एक सांगून ठेवतो. हे जमलं कारण फ्लॅट खरोखर काकूंच्या माहेरचा होता. काकांनी स्वतःच्या पैशाने घेऊन बायकोच्या नावावर केला असता तर भाडं फिरून काकांच्याच उत्पन्नात धरलं गेलं असतं. तेव्हा "बायकोचा पॅन देतो" असं कोणी फार पटकन म्हणालं तर कागद बघा.

तरी घोळ व्हायचा तो झालाच. ऑफिसने माझी फाइल परत पाठवली: करारावर काका, पावतीवर काकू, पैसे गेले काकांच्या खात्यात. आम्ही काकूंचं सहीचं पत्र जोडलं की घर माझं आहे, भाडं माझ्या वतीने यजमान स्वीकारतात. ऑफिसला पटलं नाही. फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून कर कापला गेला. पण ऑफिसने नाही म्हटलं म्हणजे सूट गेली असं नसतं. जुलैत रिटर्न भरताना मी एचआरएची सूट स्वतः घेतली आणि ३४,९४४ रुपये परत आले. पावत्या, ते पत्र, शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजू आणि बँकेचं स्टेटमेंट एका फाइलमध्ये अजून जपून ठेवलंय, कारण फॉर्म १६ आणि रिटर्न जुळत नसले तर नोटीस येऊ शकते. मार्चमध्ये नवा करार काकूंच्या नावाने केला आणि भाडंही त्यांच्याच खात्यात वळवलं.

आता तुमचं. करार उघडा आणि पहिली दोन पानं नीट वाचा. रजिस्टर्ड करारावर मालकाचा पॅन बहुतेक वेळा छापलेलाच असतो आणि लोक महिनोन् महिने तो मागत फिरतात. नसला तर मालकीचा कागद आधी मागा, "ऑफिसला पत्त्याचा पुरावा हवाय" म्हणून, आणि पॅनची गोष्ट दुसऱ्या भेटीत काढा. पावत्या स्वतः लिहून न्या, फक्त सही घ्या. महिना, रक्कम, घराचा पत्ता, मालकाचं नाव आणि पॅन एवढं पुरतं. रोखीत देत असाल आणि रक्कम ५,००० च्या वर असेल तर रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावा. त्यापेक्षा रोख देणंच बंद करा.

"पॅन नाही" आणि "पॅन देत नाही" यात फरक आहे, हेही लक्षात असू द्या. खरोखर पॅन नसेल तर मालक तसं नाव-पत्त्यासह लिहून देऊ शकतात. पॅन असताना नाही म्हणून लिहून घेणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र. माझ्या मेहुण्यांनी एका भाडेकरूला असं लिहून दिलंय, म्हणून माहीत आहे.

मेहुण्यांचे दोन फ्लॅट भाड्याने आहेत आणि करारातच कलम टाकलंय की भाडेकरू एचआरए घेणार नाही. दिवाळीत यावरून आमची जुंपली. त्यांचं म्हणणं, "मी कर भरायचा आणि फायदा त्याने उपटायचा?" अहो, दोघांचा कर वेगळा! तुमच्या भाड्यावर कर आहे तो तुमचा, भाडेकरूने सूट घेतली काय आणि न घेतली काय. तुमचं भाडं लपवण्यासाठी त्याने पस्तीस हजारांवर पाणी सोडायचं, हे कलम नव्हे, दंड आहे. असलं कलम असलेल्या करारावर सही करू नका, किंवा सूट बुडते तेवढं भाडं आधीच कमी करून घ्या. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्यानुसार घेतलेल्या पैशांची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, न दिल्यास दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड आहे. मेहुण्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा ताईने फराळाचं ताट मध्ये सरकवलं.

हे सगळं जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत एचआरएची सूटच नाही आणि २०२३-२४ पासून तीच आपोआप लागू होते, तेव्हा आधी दोन्हीकडचा कर काढून बघा. नवीत कमी येत असेल तर मालकांना त्रासच देऊ नका. भाडं महिन्याला पन्नास हजारांच्या वर असेल तर तुम्हालाच टीडीएस कापावा लागतो, आणि मालक परदेशात राहत असतील तर रक्कम कितीही असो, सीए गाठा.

गेल्या महिन्यात मेहुण्यांचा फोन आला होता. त्यांच्या नव्या भाडेकरूने मिळकतकराच्या पावतीची प्रत मागितली, पॅनचं नावही न काढता. "हे त्याला तूच शिकवलंस ना?"