रात्रीचा जॉब पडला तर लगेच रीरन मारू नकोस

पेज आला की आधी अ‍ॅक्नॉलेज कर, नाहीतर तो पुढच्याला उठवतो. मग एक्झिट कोड बघ, 137 असेल तर प्रोसेस बाहेरून किल झालीये, बहुतेकदा मेमरी संपून, खात्री अशी कर:

```
dmesg -T | grep -i oom
```

खरी गोम पुढे आहे, जॉब अर्धवट कमिट करून मेला असेल आणि तू तसाच परत चालवलास तर सकाळी बिलिंगमध्ये सगळं डबल, म्हणून आधी जॉब ज्या टेबलमध्ये लिहितो त्यातल्या आजच्या तारखेच्या रो मोज. असतील तर त्या काढ (दुसरा कुठला जॉब तिथे लिहीत नसेल तरच हां), मेमरी वाढव आणि एकदाच चालव. परत पडला, किंवा सहाच्या रिपोर्टआधी पूर्ण रन बसेल एवढा वेळच नसेल, तर जॉबच्या ओनरला सरळ फोन लाव, झोपलेला माणूस मेसेज वाचत नाही.