सहाशे किलो पत्रा गेला कुठे?

प्रश्न: मी कारखान्यात फायनान्स बघतो. शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरांना व्हेरिअन्स रिपोर्ट सोप्या शब्दांत सांगायचाय, नेमकं काय करायचं तेही. काय बोलू?

उत्तर: आमच्या प्रेस शॉपमध्ये मी पहिल्यांदा स्लाइड्स दाखवल्या, तेव्हा मागच्या रांगेत दोघे पेंगत होते. दुसऱ्यांदा एकाच पार्टचा कागद घेऊन गेलो. भावाच्या फरकाचा कॉलम दुमडून आत घातला आणि म्हणालो, "हा परचेसचा. तुमचा हिशोब आम्ही ठरलेल्या 70 रुपये किलोनेच करतो, त्यामुळे पत्रा महागला तरी तुमचा आकडा हलत नाही."

पुढे साधारण असं बोललो:

"एका पीसला 1.2 किलो पत्रा धरलाय. महिन्यात 10,000 ओके पीस दिलेत, म्हणजे 12,000 किलो लागायला हवा होता. स्टोअरमधून 12,600 गेला. जादा 600 किलो, 42,000 रुपये. रिपोर्टला एवढंच कळतं. का गेला, ते तुम्हालाच ठाऊक.

मी स्टोअरच्या स्लिपा आणि शिफ्टची वही घेऊन बसलो. 240 किलो तर वापरलेच नव्हते! महिनाअखेरीला अर्धी कॉईल मशीनवरच होती, पण कागदावर संपली होती. पुढच्या महिन्यात हेच 240 किलो बचत म्हणून दिसले असते आणि आपण उगाच पेढे वाटले असते. 120 किलो म्हणजे डाय सेटिंगचे 100 पीस. ते थेट स्क्रॅपच्या पेटीत गेले, वहीत नोंद नाही. उरलेले 240 पत्र्याच्या जाडीत गेले. 2 मिलिमीटरऐवजी 2.04 आला, दर पीसला 24 ग्रॅम जादा."

इथे एक जुने सुपरवायझर उसळले. "साहेब, पत्रा जाड आला तर त्याचं खापर आमच्या डोक्यावर का?"

रास्त होतं. खरं तर ही चूक आमचीच. स्वस्त कॉईलची शाबासकी परचेसला आणि जादा किलो यांच्या नावावर. पण जाडी लिहिलेली नसेल, तर मी ते 240 किलो त्यांच्या नावावरून काढू कसे? शिवाय 2.04 ऑर्डरच्या टॉलरन्समध्ये बसत असेल, तर पुरवठादार काही देणार नाही. मग पीसचं ठरलेलं वजनच बदलावं लागतं, आणि ते काम आमचं.

म्हणून त्यांच्याकडून तीनच गोष्टी मागितल्या. कॉईल चढवताना मायक्रोमीटरने जाडी मोजून कॉईल नंबरासमोर लिहायची. सेटिंगचे पीस स्क्रॅपमध्ये टाकण्याआधी मोजायचे. महिन्याच्या शेवटच्या शिफ्टला मशीनवरची उरलेली कॉईल काट्यावर घालून स्टोअरला वजन कळवायचं. कॉईल उतरवणं शक्य नसेल, तर बाहेरचा-आतला व्यास आणि रुंदी द्या, वजन आम्ही काढतो.

आणि हो, रिपोर्ट महिन्याने देऊ नका. महिन्यापूर्वीच्या मंगळवारी रात्रपाळीला काय झालं, हे कोणालाच आठवत नाही. आम्ही आता दर सोमवारी फक्त किलोंचा, रुपये नसलेला, अर्ध्या पानाचा कागद लावतो.